बढती कधी, हे मुलाखतीआधी विचारा

नोकरी बदलू पाहणाऱ्या आयटीवाल्याला रिक्रूटरचा पहिला मेल येतो तो बहुधा एकाच साच्यातला. वर पदाचं नाव, खाली भरून पाठवायचा तक्ता: एकूण अनुभव, त्यातला कामाचा अनुभव, सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी, नोटीस पीरियड, सध्याचं शहर. हा तक्ता भरून दिल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. म्हणजे कंपनी आपल्याबद्दलची पैशांची सगळी माहिती मुलाखतीआधीच, आणि तीही लेखी, मागून घेते. उमेदवार मात्र उत्तर देताना फार तर घरून काम करता येईल का, एवढंच विचारतो. बढतीचा विषय निघतो तो ऑफर हातात आल्यावर. तोवर चार-पाच फेऱ्या झालेल्या असतात, त्यासाठी दोन-तीन रजा गेलेल्या असतात, आणि होकार कळवायला दोन दिवसांची मुदत असते. अशा वेळी मिळालेलं कोणतंही उत्तर गोडच लागतं.

आधी विचारायचं ते का, हे कळायला कंपन्यांचं बढतीचं कॅलेंडर समजून घ्यावं लागतं. बढती आणि पगारवाढ वर्षभर सुटी सुटी मिळत नाही. तिचा हंगाम ठरलेला असतो. बऱ्याच भारतीय कंपन्यांचं मूल्यमापनाचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं. अनेक परदेशी कंपन्यांच्या इथल्या केंद्रांत ते जानेवारी ते डिसेंबर चालतं. काही ठिकाणी बढत्या वर्षातून एकदा होतात, काही ठिकाणी दोनदा. आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी एक कट-ऑफ असतो. अमुक तारखेपर्यंत रुजू झालेल्यांचाच यंदा विचार होईल, बाकीच्यांचा पुढच्या वर्षी. शिवाय सध्याच्या श्रेणीत किमान काही काळ काढल्याशिवाय बढतीसाठी नावच पुढे जात नाही. ही अट दीड वर्षाची असते, दोन वर्षांची असते, किंवा दोन पूर्ण मूल्यमापनांची असते. यातलं काहीही जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

आता हे कॅलेंडर आपल्या नोटीस पीरियडला कसं अडतं ते पाहू. समजा, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करणारी एक सीनियर इंजिनीअर आहे. सहा वर्षांचा अनुभव, १४ लाखांचा सीटीसी, नोटीस पीरियड ९० दिवस. ऑगस्टमध्ये तिला दुसऱ्या कंपनीकडून विचारणा होते आणि मुलाखती पार पडून सप्टेंबरच्या मध्याला १७ लाखांची ऑफर येते. वाढ एकवीस टक्क्यांची, नाही म्हणण्यासारखी नाही. ती १७ सप्टेंबरला राजीनामा देते, १६ डिसेंबरला तिथला शेवटचा दिवस भरतो आणि १७ डिसेंबरला ती नव्या कंपनीत रुजू होते.

नव्या कंपनीत पगारवाढ १ एप्रिलला लागू होते, पण ३० सप्टेंबरपर्यंत रुजू झालेल्यांनाच. त्यामुळे येणारा एप्रिल तिच्या हातून जातो. पहिली वाढ त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये, म्हणजे रुजू झाल्यापासून साडेपंधरा महिन्यांनी. बढतीला दोन पूर्ण मूल्यमापनांची अट असेल, तर लीड व्हायला आणखी एक वर्ष, म्हणजे साडेसत्तावीस महिने.

जुन्या कंपनीत मात्र याच एप्रिलमध्ये तिची लीडची बढती ठरल्यासारखी होती. पगारवाढ आणि बढती मिळून २० टक्के धरले, तर तिथे तिचे १६ लाख ८० हजार झाले असते. म्हणजे नोकरी बदलून तिला साडेतीन महिने वरच्या पगाराचे मिळाले, कर कापण्याआधी सुमारे ८७ हजार. त्यानंतर उरला वर्षाला २० हजारांचा फरक. त्या बदल्यात लीडचं पद दोन वर्षं लांबलं. हे सगळं ठाऊक असूनही एखादी जाईल, कारण काम चांगलं असेल किंवा जुना मॅनेजर नकोसा झाला असेल. पण कट-ऑफची तारीख तिला ऑगस्टमध्येच कळली असती, तर तिने अपेक्षित सीटीसीच्या रकान्यात १७ हा आकडा टाकला नसता.

म्हणून तक्ता भरून पाठवायचा त्याच मेलमध्ये आपले प्रश्न जोडावेत. वेगळं पत्र लिहायची गरज नाही. माहिती देता देता माहिती मागणं कुणाला खटकत नाही. प्रश्न मोजकेच हवेत, आणि उत्तरात तारीख किंवा आकडा यावा असे हवेत. "इथे ग्रोथ कशी आहे?" असं विचारलं तर "उत्तम आहे" याखेरीज दुसरं काय येणार? मेल इंग्रजीत जाईल, पण मजकूर साधारण असा असावा:

"नमस्कार. मागितलेली माहिती सोबत भरून पाठवत आहे. मुलाखतीची वेळ ठरवण्याआधी चार गोष्टी कळल्या तर बरं होईल. १) हे पद कोणत्या श्रेणीत आहे, आणि याच टीममध्ये त्यापुढची श्रेणी कोणती? २) बढतीचा आढावा वर्षातून किती वेळा व कोणत्या महिन्यात होतो? माझा नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे. डिसेंबरमध्ये रुजू झाल्यास माझा पहिला आढावा कधी होईल? ३) पुढच्या श्रेणीसाठी किमान किती काळाची अट आहे? ४) गेल्या दोन आढाव्यांत या टीममधून किती जणांना बढती मिळाली, आणि टीम किती जणांची आहे? आपल्याकडे ही माहिती नसेल तर हायरिंग मॅनेजरना विचारून कळवलंत तरी चालेल."

शेवटचं वाक्य केवळ सौजन्याचं नाही. रिक्रूटर म्हणजे कोण, हे त्यामागे आहे. बाहेरच्या कन्सल्टन्सीतला रिक्रूटर असेल तर त्याला मोबदला मिळतो तो उमेदवार रुजू झाल्यावर. बाजारात सर्रास ऐकू येणारा दर वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराइतका. टीममध्ये कुणाला बढती मिळाली हे त्याला ठाऊक असण्याचं काही कारण नाही. कंपनीच्या स्वतःच्या एचआरमधल्या माणसाला कॅलेंडर आणि अटी माहीत असतात, टीमची हकीकत माहीत नसते. ती असते हायरिंग मॅनेजरकडे. त्यामुळे पहिले तीन प्रश्न एचआरचे आणि चौथा मॅनेजरचा, हे धरूनच उत्तराची वाट पाहावी.

या चौथ्या प्रश्नात खरी मेख असते. बढती दोन प्रकारांनी होते. एका प्रकारात माणूस वरच्या श्रेणीचं काम करू लागला, हे काही महिने दिसलं, की श्रेणी वाढते. दुसऱ्यात वरची जागा रिकामी व्हावी लागते. सेवा देणाऱ्या आयटी कंपन्यांत ही जागा बहुतेक वेळा क्लायंटच्या प्रोजेक्टला बांधलेली असते. एका प्रोजेक्टवर किती लीड आणि किती ज्युनियर, याचा हिशेब ठरलेला असतो. क्लायंट त्या त्या पदाच्या दरानेच पैसे देतो. आपल्याला बढती दिली तर कंपनीचा खर्च वाढतो, क्लायंटकडून येणारा पैसा मात्र तेवढाच राहतो. मग मॅनेजर कितीही खूश असला तरी "यंदा बजेट नाही" हे वाक्य ऐकायला मिळतं. नऊ जणांच्या टीममध्ये आधीच तीन लीड बसलेले असतील आणि दोन वर्षांत कुणीच वर गेलेलं नसेल, तर तिथे आपला नंबर लागायला टीम तरी बदलावी लागते, नाहीतर कंपनी तरी.

उत्तर आलं की त्यात तारीख किंवा आकडा आहे का, ते आधी पाहावं. "आढावा एप्रिलमध्ये, कट-ऑफ ३० सप्टेंबर, लीडसाठी किमान दोन वर्षं, गेल्या खेपेस आठातून एकाला बढती" हे उत्तर मनासारखं नसलं तरी कामाचं आहे. "परफॉर्म करणाऱ्याला आमच्याकडे आकाश मोकळं आहे" ही नुसती बोलाची कढी. "मॅनेजरना विचारून सांगतो" हेही चांगलंच उत्तर, पण आठवडाभरात पुढे काही आलं तर. आपल्याकडे रिक्रूटर लिहिण्यापेक्षा फोन करणं पसंत करतात. करू द्यावा. फोन झाल्यावर दोन ओळींचा मेल आपणच टाकावा: "आत्ता बोलल्याप्रमाणे आढावा एप्रिलमध्ये होतो आणि डिसेंबरमध्ये रुजू झाल्यास पहिली वाढ पुढच्या वर्षी. माझं काही चुकत असेल तर कळवावं." फोनवर सढळपणे बोलणारे लोक अशा मेलनंतर बहुधा नेमकं बोलू लागतात.

यालाही मर्यादा आहेत. रिक्रूटरचा मेल म्हणजे करार नव्हे. ऑफर लेटरमध्ये अनेकदा कलमच असतं की यापूर्वीची सर्व बोलणी या पत्राने रद्द समजावीत आणि पगारवाढ कंपनीच्या मर्जीनुसार होईल. लहान स्टार्टअपमध्ये आढाव्याचं कॅलेंडरच नसतं. तसं त्यांनी सरळ सांगितलं तर त्यात लपवाछपवी काही नाही. कॉलेजातून थेट निवड होणाऱ्यांना हे विचारायची सोय जवळजवळ नसतेच. बाजार मंद असताना प्रश्न पहिल्या फेरीनंतर विचारलेले बरे. तोवर मॅनेजरलाही आपली गरज वाटू लागलेली असते.

कायद्याचा आधार म्हणाल तर तो आपल्याकडे नाही, इतरत्र थोडा आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये पगाराच्या पारदर्शकतेचा निर्देश काढला आणि तो आपापल्या कायद्यात आणायला सदस्य देशांना ७ जून २०२६ ची मुदत दिली. त्यानुसार उमेदवाराला सुरुवातीच्या पगाराची माहिती आधीच मिळण्याचा हक्क आहे; पगार पुढे कसा वाढतो याचे निकष मात्र कंपनीने दाखवायचे ते कर्मचाऱ्यांना. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०२४ पासून श्रेणी वाढण्याच्या अटी उघड कराव्या लागतात, त्याही पात्र कर्मचाऱ्यांपुढेच. म्हणजे बाहेरून येणाऱ्याला बढतीबद्दल कळवण्याची सक्ती तिथेही नाही. त्यालाही विचारूनच घ्यावं लागतं.

लेखी उत्तराचा उपयोग होतो तो ऑफरच्या वेळी. पहिला एप्रिल हुकणार हे माहीत असलेला माणसाला तीन मागण्या करता येतात. पंधरा महिने वाढ नाही म्हणून सुरुवातीचा आकडाच वर न्या. नाहीतर आत्ताच वरच्या श्रेणीत घ्या. तेही जमत नसेल तर पहिल्या आढाव्यासाठी कट-ऑफची अट शिथिल करा. तिसरी मागणी मान्य झाली, तर ती मेलमध्ये ठेवून भागत नाही. "पहिल्या एप्रिलच्या आढाव्यासाठी पात्र" ही ओळ सहीच्या ऑफर लेटरमध्ये आली, की मगच राजीनामा टाकावा.