फुटलेल्या परीक्षानळीचा हिशेब

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा आटोपल्या की रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कपाटं उघडून मोजणी सुरू होते. समजा, साठा नोंदवहीप्रमाणे वर्षाच्या सुरुवातीला 330 परीक्षानळ्या होत्या आणि मधे 100 नव्या आल्या. म्हणजे 430 हव्यात. प्रत्यक्षात भरतात 212, आणि त्यातल्याही 32 तडकलेल्या किंवा कड उडालेल्या. वापरण्याजोग्या 180. फूटतूट नोंदवहीत मात्र वर्षभरात 110 नळ्या फुटल्याची नोंद आहे. तडकलेल्या 32 धरल्या तरी 142 चाच हिशेब लागतो. 108 नळ्या कुठे गेल्या हे कोणालाच सांगता येत नाही.

या 108 नळ्या बहुतेक वेळा चोरीला गेलेल्या नसतात. त्या फुटल्या, काचा बेसिनखालच्या टोपलीत गेल्या आणि कोणी बोललं नाही. न बोलण्याचं मुख्य कारण दंड. नळी फुटल्याबरोबर नाव लिहून पैसे घेण्याची पद्धत जिथे आहे, तिथे मुलं काच लपवतात, आणि लपवलेली काच हाताला कापते ती सफाई करणाऱ्या मावशींच्या. माझं स्पष्ट मत आहे की वसुलीची वही आणि फूटतूट वही एकच नसावी. फूटतूट वहीत विद्यार्थ्याचं नाव लागतच नाही. तुकडी आणि टेबल क्रमांक पुरतो.

नोंद कशी असावी? एक नमुना पाहा. ‘8 ऑगस्ट, अकरावी ब, टेबल 6. परीक्षानळी, बोरोसिलिकेट, 15 × 150 मिमी, नग 2. तापलेली नळी नळाखाली धरली. वापरातून काढली. साठा नोंदवही पान 34.’ लिहायला अर्धा मिनिट पुरतो. मात्र यातला कारणाचा रकाना बहुतेक शाळांत ‘हाताळताना फुटली’ या एकाच वाक्याने भरलेला असतो, आणि तिथेच ही वही निकामी होते.

कारण कळायला फुटलेला तुकडा बघावा लागतो. नळीच्या तळाला भोक पडलं असेल, तर दोष धुण्याच्या ब्रशचा. टोकाचे केस झडले की उघडी तार आत घासते आणि तळ फोडते. कड उडाली असेल, तर नळी स्टँडमध्ये आपटून ठेवली किंवा बेसिनच्या काठाला लागली. आणि वळत गेलेली गुळगुळीत तडा दिसली, तर ते उष्णतेचं काम: बाहेरून ओली नळी ज्योतीवर धरली, नाहीतर गरम नळीला गार पाणी लागलं. बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतकी प्रसरण पावते, म्हणून असे धक्के ती बरीच सोसते. नोंदींत उष्णतेच्या तडा जास्त असतील, तर तापवायच्या प्रयोगांसाठी स्वस्त साधी काच घेणं महागात पडतंय. तळाची भोकं जास्त असतील, तर नळ्यांआधी ब्रश बदलायला हवेत.

एक नळी मात्र या वहीत येऊच नये. सेंद्रिय पदार्थातली मूलद्रव्यं ओळखण्याच्या लॅसेन चाचणीत सोडियमबरोबर लालबुंद तापवलेली छोटी ज्वलननळी मुद्दाम ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून फोडतात. तो वापर आहे, फूट नव्हे. ती रसायनांप्रमाणे उपभोग्य साहित्यात धरावी. नाहीतर फुटीचा आकडा फुगतो आणि कारणांचा माग लागत नाही.

ब्युरेटच्या बाबतीत तर नोंदीतला एक शब्द खर्च बदलतो. वहीत नुसतं ‘ब्युरेट फुटल्या, 6’ असं असेल आणि एका ब्युरेटचा दर 450 रुपये धरला (इथले सगळे दर उदाहरणापुरते), तर मागणी 2,700 रुपयांची होईल. पण रबरी नळी आणि चिमटा लावायच्या ब्युरेटचं फक्त खालचं काचेचं टोक अनेकदा तुटतं, कारण कोनिकल फ्लास्क वर घेताना तो त्याला लागतो. सहापैकी चारांचं टोकच गेलं असेल आणि टोक व रबर मिळून 25 रुपये पडत असतील, तर चारांचे 100 आणि खरोखर गेलेल्या दोनांचे 900, असं काम 1,000 रुपयांत होतं. काचेची तोटी असलेल्या ब्युरेटचं वेगळं दुखणं असतं. सोडियम हायड्रॉक्साइड तसंच राहिलं की ते काचेवर परिणाम करतं आणि तोटी घट्ट चिकटते. जोर लावून फिरवली की मोडते. एकाच आठवड्यात अशा दोन-तीन नोंदी आल्या, तर तासानंतर ब्युरेट धुतल्या जातात का, हे आधी पाहावं.

आता परीक्षानळ्यांची मागणी काढू. वीस विद्यार्थ्यांच्या गटासाठी टेबलामागे दहा, म्हणजे 200, आणि शिक्षकांच्या प्रात्यक्षिकासाठी 20. एकूण 220 नळ्या सतत टेबलांवर हव्यात. त्यावर वर्षभराची अपेक्षित फूट चढवायची. हिशेब न लागलेल्या नळ्याही गेलेल्याच, म्हणून प्रत्येक वर्षी नोंदींवर न विसंबता साठ्यातली खरी घट घ्यायची. यंदाची घट 250 आहे. आधीच्या दोन वर्षांची 236 आणि 282 होती असं धरू. पण 282 वाल्या वर्षी एक भरलेला स्टँड शेल्फवरून पडून एकदम 42 नळ्या गेल्याची नोंद आहे. असा अपघात दरवर्षी धरायचा नाही. तो वगळून 240. तीन वर्षांची सरासरी 242 येते.

220 अधिक 242 म्हणजे 462, त्यातून हातातल्या 180 वजा केल्या की 282. पेटी 100 नगांची असेल, तर तीन पेट्या. स्टँड पडल्याचा उल्लेख वहीत नसता, तर सरासरी 256 आली असती, गरज 296 दिसली असती. पेट्या तीनच लागल्या असत्या. पण दर नगाला पैसे पडणाऱ्या ब्युरेट-पिपेटमध्ये असाच फरक थेट रकमेत उतरतो. दर मागच्या बिलावरून न घेता ताज्या दरपत्रकावरून घ्यावा, आणि त्यात कर, पॅकिंग व वाहतूक धरली आहे का, हे विचारून घ्यावं. दोन दरपत्रकांची तुलना त्याशिवाय होत नाही.

उपकरणांचं गणित निराळं. अॅमीटर चुकीच्या जोडणीने जळतो, सूक्ष्मदर्शकाची 45 पटींची भिंग काचपट्टीवर टेकून ओरखडते. ही उपकरणं जडवस्तू संग्रहात नोंदलेली असतात. निर्लेखनाची मंजुरी मिळेपर्यंत ती कागदावर शाळेतच असतात, म्हणून त्यांच्यापुढे ‘फुटले’ न लिहिता ‘नादुरुस्त’ लिहून दोष नेमका नोंदवावा. दुरुस्तीचा अंदाज नव्या किमतीच्या अर्ध्यावर गेला, तरच ते बदलायच्या यादीत घ्यावं, असं मी सुचवेन. फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर आधी सावरायचा, मग नोंदायचा. पारा हाताने गोळा न करता पाण्याखाली, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवायचा. त्याच्या जागी अल्कोहोलचा मागवताना 110 अंशांपर्यंतचा पुरेल का, हे पाहावं. बेंझोइक आम्ल 122 अंशांना वितळतं. तो द्रवणबिंदू मुलांकडून काढून घ्यायचा असेल, तर तो थर्मामीटर उपयोगाचा नाही.

जूनच्या सुमारास माल आला की पेटी पुरवठादाराच्या माणसासमोर उघडावी आणि वाटेत फुटलेले नग चलनावरच लिहून घ्यावेत. ते बदलून मागायचे. फूटतूट वहीत चढवायचे नाहीत, कारण शाळेच्या साठ्यात ते आलेलेच नसतात.