तीन एमबीचं चित्र आणि ८५ एमबीची जागा

दोन जीबी रॅमचा फोन, त्यावर नवा गेम. पहिली पातळी नीट चालते, दुसरी उघडताना गेम अचानक गायब होतो आणि होम स्क्रीन समोर येतो. चूक दाखवणारा संदेश नाही, काही नाही. खेळणारा म्हणतो, गेम बिघडलेला आहे. कोड लिहिणारा आपल्या महागड्या फोनवर दहा वेळा खेळून पाहतो आणि म्हणतो, बिघाड कुठेच नाही. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. मेमरी अपुरी पडू लागली की अँड्रॉइड आधी मागे उघडी असलेली ॲप्स बंद करतो आणि तरीही भागलं नाही तर समोर चाललेल्या गेमचाच नंबर लागतो. अशा वेळी बहुतेकदा मेमरी खाल्लेली असते ती टेक्श्चरांनी, म्हणजे भिंती, दगड, कपडे, बटणं यांवर चढवलेल्या चित्रांनी.

गोंधळाचं मूळ असं, की फाइलचं वजन आणि मेमरीतलं वजन यांचा एकमेकांशी जवळजवळ संबंध नसतो. पीएनजी किंवा जेपीजी हे साठवणुकीचं रूप. कुरडई डब्यात एवढीशी मावते, पण कढईतून काढली की परात भरते, तसंच हे. ग्राफिक्स चिपला चित्राचा कुठलाही ठिपका क्षणात हातात हवा असतो, म्हणून जेपीजी पूर्ण उलगडावीच लागते. लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे प्रत्येक ठिपक्याला चार बाइट. ४०९६ × ४०९६ चं चित्र डिस्कवर तीन एमबीचं असेना का, मेमरीत ते ६४ एमबी होतं.

उदाहरणासाठी किल्ला चढण्याचा एक गेम कल्पू. कातळाचं एक ४०९६ चं टेक्श्चर. तटबंदी, गवत, मावळ्याचे कपडे वगैरेंची २०४८ ची आठ. त्यात मिपमॅपची भर. प्रत्येक चित्राच्या अर्ध्या, पाव, अष्टमांश मापाच्या प्रती आधीच करून ठेवतात, म्हणजे लांबचा बुरूज काढताना चिप छोटी प्रत उचलते आणि दगड चमचमत नाहीत. या सगळ्या प्रतींनी मिळून मूळ मापात फक्त एक तृतीयांश भर पडते. कातळ ८५ एमबी, बाकीची आठ मिळून १७१. एकूण २५६ एमबी, आणि अजून आवाज, मॉडेल, गेमचा स्वतःचा कोड मोजलेलाच नाही. साध्या फोनमध्ये ग्राफिक्स चिपला वेगळी मेमरी नसते. हे सगळं त्याच दोन जीबीतून जातं, ज्यातला मोठा वाटा अँड्रॉइडने आधीच घेतलेला असतो.

अंदाजावर न जाता मोजायचं असेल तर फोन केबलने जोडून ही आज्ञा द्यावी:

```
adb shell dumpsys meminfo com.example.killa
```

बहुतेक फोनवर उत्तरात `Graphics` अशी एक ओळ येते. पातळी बदलताना तोच आकडा उडी मारत असेल, तर चोर सापडला.

पहिला आणि सगळ्यात मोठा उपाय म्हणजे चिपला दाबलेल्या अवस्थेतच वाचता येतील अशी टेक्श्चरं देणं. एरिक्सनच्या संशोधकांनी २००५ मध्ये मांडलेली ईटीसी पद्धत यासाठी पाहण्यासारखी आहे. चित्राचे चार बाय चार ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनाचे दोन अर्धे भाग करायचे, प्रत्येक भागाला एकच मूळ रंग द्यायचा आणि प्रत्येक ठिपक्यासाठी फक्त तो रंग किती उजळ किंवा किती गडद एवढंच चारांपैकी एका पर्यायाने लिहायचं. चौसष्ट बाइटांचा चौकोन आठ बाइटांत बसतो, आणि प्रत्येक चौकोन सारख्याच मापाचा असल्याने चिप हवा तो चौकोन थेट गाठते.

यातली मेख मूळ रंगात आहे. कातळ, माती, गवत यांच्यात रंग जवळचे आणि फरक उजेडाचा. तिथे फसवणूक डोळ्याला कळतही नाही. पण हिरव्या पाटीवर भगवी अक्षरं असतील, तर दोन रंग एकाच अर्ध्या चौकोनात कोंबले जातात आणि अक्षराच्या कडेला मळकट पायऱ्या दिसू लागतात. अनुस्वाराचा टिंब तर कधीकधी पुरता विरघळतो. पुढे आलेल्या ईटीसी-२ मध्ये हे बरंच सुधारलं आणि पारदर्शकताही आली, पण तिच्यासाठी जागा दुप्पट लागते. एआरएमने आणलेल्या एएसटीसीत चौकोन नेहमी १६ बाइटांचा, त्यात किती ठिपके बसवायचे ते आपण ठरवायचं. सहा बाय सहा घेतलं तर आपले २५६ एमबी साधारण २८ वर येतात. माझ्या मते कातळाला आठ बाय आठही चालेल. चेहरे आणि अक्षरांना चार बाय चारखाली जाऊ नये.

मात्र जुन्या चिपला एएसटीसी कळत नसेल, तर गेम इंजिन टेक्श्चर चालू फोनमध्येच उलगडून ठेवतं. म्हणजे ज्या फोनसाठी खटाटोप केला, नेमका तिथेच २८ चा आकडा पुन्हा २५६ होतो, वर गेम उघडायलाही वेळ लागतो. म्हणून ईटीसी-२ ची वेगळी प्रत द्यावी लागते. प्ले स्टोअर फोन पाहून योग्य ती पाठवू शकतं.

ॲटलस, म्हणजे अनेक छोटी चित्रं एका मोठ्या चित्रात मांडणं, हे लोक सहसा वेगासाठी करतात, कारण एकाच टेक्श्चरमधली बटणं चिपला एका फटक्यात काढता येतात. पण मेमरीतही त्याचा उपयोग आहे. ईटीसी-२ मध्ये दाबायचं तर युनिटीला लांबी-रुंदी चारने भाग जाणारी हवी असते. १३० × ९४ चं नाण्याचं चित्र ते न दाबताच ठेवतं आणि बाजूला एक इशारा दाखवतं, जो कुणी वाचत नाही. अशी शेकडो चित्रं ॲटलसमध्ये गेली की सगळी एकदम दाबली जातात. उलट बाजूही आहे: त्यातलं एक नाणं दाखवायचं असलं तरी अख्खा ॲटलस मेमरीत येतो. म्हणून दुकानाची चित्रं एकात, खेळातली दुसऱ्यात, अशी पडद्यांनुसार वाटणी करावी.

शेवटी मिपमॅपची वरची पातळी. स्वस्त फोनचा पडदा ७२० × १६०० चा, म्हणजे साडेअकरा लाख ठिपके. आपल्या कातळात त्याच्या चौदापट आहेत. मावळा कड्याला नाक लावून उभा राहिल्याशिवाय ती सगळ्यात मोठी प्रत चिप क्वचितच वाचते, तरी जागा अडवून बसलेली असते. युनिटीत ती अशी सोडून देता येते:

```
if (SystemInfo.systemMemorySize <= 2048)
    QualitySettings.globalTextureMipmapLimit = 1;
```

एक पातळी सोडली की टेक्श्चरची तीन चतुर्थांश जागा मोकळी होते. २८ चे सात एमबी. दोन पातळ्या सोडल्या तर मात्र तटबंदीचा चिखल होतो. मिपमॅप नसलेल्या चित्रांवर, म्हणजे बहुतेक बटणांवर आणि अक्षरांवर, या ओळीचा काही परिणाम होत नाही. ते एका अर्थी बरंच, कारण पुसट मजकूर कुणालाच नको असतो. डाउनलोडही हलकं होत नाही, वरची पातळी पॅकेजमध्ये तशीच राहते. तेही कमी करायचं असेल तर टेक्श्चरचं `Max Size` घटवून पॅकेज नव्याने बनवावं लागतं, आणि मग महागड्या फोनवाल्यालाही तोच छोटा कातळ मिळतो, नाहीतर दोन फोनांसाठी दोन संच सांभाळावे लागतात.