बिल हरवलं तर खर्च कसा मागायचा?

ताईंनो, ग्रामसंघाच्या कामासाठी खिशातून पैसे घातले आणि बिल हरवलं, की बऱ्याच जणी पैसे सोडून देतात. काही जणी दुसरं टोक गाठतात आणि ओळखीच्या दुकानातून कोरं बिल आणून स्वतःच भरतात. पहिल्यात तुमचं नुकसान, दुसऱ्यात गटाचा हिशेब खोटा. तिसरा रस्ता आहे आणि तो फार अवघड नाही.

समजा, दिवाळी फराळाच्या स्टॉलसाठी ग्रामसंघाने एका ताईला तालुक्याला पाठवलं. तिने 1,850 रुपयांचं सीलिंग मशीन आणि 1,630 रुपयांच्या पिशव्या घेतल्या. एकूण 3,480 रुपये तिने मोबाईलवरून दिले. बिल सामानाच्या खोक्यात राहिलं आणि खोकं गेलं चुलीत. आता?

मोबाईलवर पैसे गेल्याची नोंद आहे, तेवढी पुरे, असं वाटतं. पुरत नाही. त्या नोंदीवरून पैसे कोणाला, कधी आणि किती गेले ते कळतं. काय घेतलं ते कळत नाही. 3,480 रुपयांत मशीनही येईल आणि साडीही. म्हणून बिल लागतं. पण ती नोंद जपा, कारण दुकानात बिल शोधायला तीच कामाला येते.

दुकानदाराकडे लवकर जा. पक्क्या बिलाची एक प्रत त्याच्याकडे राहते, आणि जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदाराला हिशेबाची कागदपत्रं काही वर्षं सांभाळावीच लागतात. त्याला तारीख आणि रक्कम सांगा. कॉम्प्युटरवर बिल करत असेल तर लगेच सापडतं. बिलबुक असेल तर कार्बन प्रतीची झेरॉक्स मिळते. त्यावर 'दुय्यम प्रत' असं लिहून सही-शिक्का घ्या.

इथे एक गोष्ट नीट बघा. बिल नंबर आणि तारीख जुनीच हवी. पुष्कळदा दुकानदार म्हणतो, "कशाला शोधता, आजच्या तारखेचं नवीन करून देतो." ते घेऊ नका. पैसे ऑक्टोबरात गेले आणि बिल डिसेंबरचं, हे ऑडिटरच्या लगेच लक्षात येतं. शिवाय दुकानदाराच्या वहीत एकच विक्री दोनदा लागते, म्हणून चांगला दुकानदार स्वतःच नाही म्हणेल. प्रत सापडलीच नाही, तर त्याच्या लेटरहेडवर माल, तारीख, रक्कम लिहून सही-शिक्क्याचं पत्र मागा.

दुय्यम प्रत मिळाली तरी सोबत घोषणापत्र द्यायचं. कारण मूळ बिल अजून कुठेतरी असू शकतं आणि त्यावर दुसरीकडून पैसे उचलले जाऊ शकतात. आपल्या गटाच्या हिशेबासाठी साधा कागद चालतो. मजकूर असा:

"मी, ......, ...... ग्रामसंघाची सदस्य, लिहून देते की दि. ...... रोजी ...... या दुकानातून सीलिंग मशीन (1,850 रु.) व पिशव्या (1,630 रु.) ग्रामसंघासाठी खरेदी केल्या. एकूण 3,480 रु. मी स्वतः मोबाईलवरून दिले. व्यवहार क्रमांक ....... मूळ बिल क्र. ...... माझ्याकडून गहाळ झाले आहे. या बिलाची रक्कम मी यापूर्वी कोठेही मागितलेली नाही. मूळ बिल सापडल्यास ते ग्रामसंघाकडे जमा करीन व त्यावर पुन्हा रक्कम मागणार नाही."

खाली सही, तारीख, आणि सामान आलेलं पाहिलेल्या दोन जणींच्या सह्या. रोख पैसे दिले असतील तर या दोन सह्यांना जास्तच वजन आहे. सामान स्टॉक रजिस्टरला चढलं असेल तर त्याचं पान नंबरही लिहा.

मग हा विषय बैठकीत ठेवा. प्रोसिडिंगमध्ये नाव, रक्कम, दुकान, बिल नंबर आणि 'मूळ बिल गहाळ, दुय्यम प्रतीवर मंजूर' असं स्पष्ट लिहा. ज्या ताईचे पैसे आहेत तिने मंजुरीची सही करायची नाही. ती स्वतः कोषाध्यक्ष असेल तर अध्यक्ष आणि सचिवांनी सह्या कराव्यात. व्हाउचरला दुय्यम प्रत, घोषणापत्र आणि मोबाईलवरच्या नोंदीची प्रिंट जोडा.

आता मर्यादा. रिक्षाभाडं, हमाली अशा लहान खर्चाला बिल मिळतच नाही. तिथे सहीचं व्हाउचर पुरतं. पण रक्कम मोठी असेल आणि दुकानदाराचा कुठलाच कागद नसेल, तर नुसत्या घोषणापत्रावर पैसे देणं बरोबर नाही, मग ताई कितीही विश्वासातली असो. आणि पैसे एखाद्या योजनेच्या निधीतले असतील, तर तिथे दुय्यम प्रत चालते का, हे मंजुरीआधीच प्रभागसंघाच्या लेखापालांना विचारा. काही ठिकाणी मूळ बिलच मागतात.

पुढे कधी मूळ बिल सापडलं तर फाडून टाकू नका. त्यावर आडवी रेघ मारून 'रक्कम दिलेली आहे' आणि व्हाउचर नंबर लिहा, आणि त्याच व्हाउचरला टाचून ठेवा.