नवऱ्याला उस्तेद, कुत्र्यालाही उस्तेद

कोलंबियाची राजधानी बोगोता. तिथल्या एका ऑफिससाठी मी दोनेक वर्षं भाषांतराचं काम केलं. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजतात तेव्हा तिथे दुपारचे बारा, त्यामुळे बैठका ऐन माझ्या झोपेच्या वेळी. एकदा पलीकडच्या बाईंना मध्येच नवऱ्याचा फोन आला. माइक बंद करायला विसरून त्या बोलत राहिल्या. गॅस बंद केलात का, येताना दूध आणा. सगळं ‘उस्तेद’मध्ये. पुण्यात ज्या पुस्तकातून मी स्पॅनिश शिकले त्यात उस्तेद म्हणजे अहो-जाहो. बँकेच्या मॅनेजरसाठी, अनोळखी आजोबांसाठी. मला वाटलं, दोघांचं काहीतरी बिनसलंय. पुढच्या आठवड्यात त्याच बाई घरून कामाला बसल्या होत्या आणि कुत्र्याला सोफ्यावरून खाली उतरवत होत्या. तोही उस्तेद. तेव्हा कळलं, बिनसलंय ते माझ्या पुस्तकाचं.

पुस्तक चुकीचं नव्हतं, फक्त स्पेनचं होतं. स्पेनमध्ये हिशोब सरळ आहे. जवळच्याला ‘तू’ (उच्चारही आपल्या तूसारखाच), मान द्यायचा त्याला ‘उस्तेद’. अनेकजण असतील तर जवळच्यांना ‘बोसोत्रोस’ आणि मानाच्यांना ‘उस्तेदेस’. पण अटलांटिक ओलांडला की बोसोत्रोस गायब होतो आणि मध्येच एक चौथा भिडू येतो, ‘बोस’. लिहिताना इंग्रजीतला व्ही, बोलताना ब. या बोसची गोष्ट कळली की बाकीचे आपापल्या जागी बसतात.

बोस मुळात अनेकवचनी, म्हणजे आपला ‘तुम्ही’. संस्कृतातला ‘वः’ त्याचा दूरचा भाऊ. एका माणसाला मान द्यायचा तर अनेकवचन वापरायचं ही युक्ती आपण ‘तुम्ही’च्या बाबतीत केली, तीच मध्ययुगीन स्पेनने बोसच्या बाबतीत केली. सरदाराला बोस, नोकराला तू. आता खऱ्याखुऱ्या अनेकांशी बोलायचं तर वेगळा शब्द हवा, म्हणून ‘बोस ओत्रोस’, म्हणजे ‘तुम्ही बाकीचे’. त्याचाच बोसोत्रोस झाला.

पण मानाच्या शब्दांना एक रोग असतो. ते फार वापरले की स्वस्त होतात. सोळाव्या शतकापर्यंत बोस इतका पसरला की बरोबरीच्याला आणि हाताखालच्यालाही तो लागू झाला, आणि घरंदाज माणसाला बोस म्हणणं म्हणजे भांडण विकत घेणं ठरू लागलं. मग वरच्या मंडळींसाठी नवं संबोधन पुढे आलं, ‘ब्वेस्त्रा मेर्सेद’, अर्थात ‘आपली कृपा’. ‘दोन किहोते’त सांचो मालकाला हेच म्हणतो. मालक त्याला एरवी तू म्हणतो, पण चिडला की बोसवर येतो. मानाचा शब्द तोवर किती खाली आला होता ते एवढ्यावरूनच दिसतं. ब्वेस्त्रा मेर्सेद रोजच्या तोंडी घासत घासत बुस्तेद झालं आणि शेवटी उस्तेद.

उस्तेदचं क्रियापद तृतीयपुरुषी का, हा शिकणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न. मराठी माणसाला तो पडायचं कारण नाही. आपल्याकडे दरबारी थाटात ‘सरकारांनी बसावं’ म्हणतात तेव्हा समोरच्याशीच बोलत असतो, पण व्याकरण तिसऱ्याबद्दल बोलल्याचं. उस्तेदचं तेच. ‘आपली कृपा’ बसते, जेवते, कॉफी घेते.

बोसचं पुढे काय झालं ते कोण कुठे राहत होतं यावर ठरलं. स्पेनमध्ये जवळिकीसाठी तू परत आला आणि बोस संपला. मेक्सिको आणि लिमा या व्हाइसरॉयच्या राजधान्या. स्पेनशी त्यांची ये-जा सतत, म्हणून तिथेही तीच फॅशन पोचली. बुएनोस आइरेस मात्र तेव्हा साम्राज्याच्या कडेला होतं. व्हाइसरॉयची राजधानी व्हायला त्याला 1776 उजाडलं. तिथे आणि मध्य अमेरिकेच्या बऱ्याच भागात बोस टिकला, पण मान गमावून. अर्जेंटिनात तो आज तूच्या जागी बसलेला आहे. मित्राला बोस, आईला बोस, दुकानातल्या पोऱ्याला बोस.

आणि ज्यांनी स्पेन या सगळ्याच्या आधी सोडलं त्यांचं काय? 1492 साली ज्यू लोकांना स्पेनमधून हाकललं. ते सालोनिका, इस्तंबूलकडे गेले आणि जाताना तेव्हाची स्पॅनिश घेऊन गेले. उस्तेद अजून जन्मायचा होता. त्यांच्या लादिनो भाषेत वडीलधाऱ्यांना मान द्यायचा तर अजूनही बोसच. एकाच शब्दाने इस्तंबूलची आजी मान देते आणि बुएनोस आइरेसचा पोरगा मित्राच्या पाठीत धपाटा घालतो.

चिलीची कथा मला सगळ्यात मजेशीर वाटते. व्याकरणकार आंद्रेस बेयो मूळचे व्हेनेझुएलाचे, पण हयातीचा मोठा भाग चिलीत. तिथल्या विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू. बोस त्यांना गावंढळ वाटे आणि तो सोडा असा त्यांचा आग्रह होता. शाळांनी तो मनावर घेतला. नतीजा असा की बोस हा शब्द मोकळेपणी म्हणणं आज सांतियागोत उद्धट वाटू शकतं, पण त्याच्या क्रियापदाचं शेपूट काही निघालं नाही. तरुण पोरं ‘तू’ म्हणतात आणि क्रियापद बोसचं लावतात. अर्जेंटिनातही शाळा पिढ्यान्‌पिढ्या तू शिकवत राहिल्या आणि मधल्या सुट्टीत पोरं बोस बोलत राहिली. शेवटी 1982 साली तिथल्या भाषा अकादमीने बोसला सुशिक्षितांची भाषा म्हणून मान्यता दिली.

आता कानाने हे कसं ओळखायचं? सर्वनामाची वाट पाहू नका, ते बहुतेक वेळा येतच नाही. आपणही ‘कॉफी घेतेस?’ म्हणतो, ‘तू’ बोलत नाही. लक्ष क्रियापदाच्या शेवटाकडे. ‘कॉफी हवी का?’ हाच प्रश्न घेऊ. माद्रिदमध्ये मैत्रीण विचारेल, ‘किएरेस काफे?’ जोर पहिल्या भागावर. बुएनोस आइरेसमध्ये तीच ‘केरेस काफे?’ विचारेल, जोर शेवटच्या ‘रेस’वर. सांतियागोत ‘केरीस’. ‘किएरे काफे?’ ऐकलं, शेवटी स नाही, तर समजायचं आपण उस्तेद आहोत. माद्रिदमध्ये ‘केरेइस काफे?’ म्हणजे प्रश्न सगळ्यांना आहे, बोसोत्रोस. पण हेच ‘केरेइस’ व्हेनेझुएलाच्या माराकाइबोत कानावर आलं तर मागे वळून आणखी कोण आहे ते बघू नका. तिथे बोसला जुनं क्रियापद जसंच्या तसं राहिलंय. प्रश्न एकट्या तुम्हालाच आहे.

अमेरिकेत अनेकजणांशी बोलणं त्या मानाने सोपं. मान असो नसो, सगळ्यांना उस्तेदेस, अगदी बालवाडीच्या पोरांनाही. माझ्यासारखं स्पेनचं पुस्तक पाठ केलेली व्यक्ती मेक्सिकोत बोसोत्रोस म्हणाली तर लोकांना कळतं, पण बायबलचं वाचन सुरू झाल्यासारखं वाटतं. तिथे हा शब्द चर्चमध्ये आणि जुन्या धाटणीच्या भाषणांतच उरलाय.

एकाशी बोलताना मात्र पंचाईत असते. माझा नियम असा: सुरुवात उस्तेदने करायची आणि समोरचा कुठलं क्रियापद लावतो ते ऐकायचं. त्यासाठी स्पॅनिशमध्ये क्रियापदच आहे, ‘तुतेआर’, म्हणजे अरे-तुरे करणं. ‘तुतेआमे’ म्हटलं की परवाना मिळाला. स्पेनमध्ये तो फार लवकर मिळतो, बरेचदा न मागता. तिथे चाळिशीच्या बाईला उस्तेद म्हणून पाहा. ‘मी काय म्हातारी आहे?’ असा चेहरा होतो. आपल्याकडे ‘काकू’ म्हटल्यावर होतो तसा. मेक्सिकोत उलट. सासूबाईंशी वर्षानुवर्षं उस्तेदच चालतं, त्यांनी स्वतः सांगेपर्यंत. आणि एकदा निवडलं की धरून ठेवायचं. नवशिक्याची खरी फजिती चुकीच्या निवडीने होत नाही. तो उस्तेदने सुरू करतो आणि ‘तुमचं’ म्हणायच्या जागी ‘सु’ऐवजी ‘तु’ टाकतो. ‘साहेब, तुमची फाइल तुझ्या टेबलावर ठेवली’ अशातली गत.

एका अक्षराने किती फरक पडतो? नोव्हेंबर 2007 मध्ये सांतियागोत स्पॅनिश-पोर्तुगीज देशांची शिखर परिषद होती. स्पेनचे पंतप्रधान बोलत असताना व्हेनेझुएलाचे अध्यक्ष ऊगो चावेस सारखे मध्ये बोलत होते. राजे हुआन कार्लोस वैतागून म्हणाले, ‘पोर के नो ते कायास?’ गप्प का बसत नाहीस? हे ‘ते’ तूचं. उस्तेद असतं तर ‘पोर के नो से काया?’ झालं असतं. वाक्य जगभर गाजलं, लोकांनी फोनची रिंगटोन केली. स्पेनमध्ये पुष्कळांना त्यात फक्त राग ऐकू आला. पण स्पेनच्या राजाने जुन्या वसाहतीच्या अध्यक्षाला जाहीरपणे अरे-तुरे करणं म्हणजे काय, हे अमेरिकेच्या बाजूला वेगळं सांगावं लागत नाही. तू हा जवळिकीचाही आहे आणि खाली बघून बोलण्याचाही. कुठला, ते नात्यावर ठरतं.

मग बोगोताच्या बाईंचं काय? तिथल्या जुन्या वळणाच्या घरांत उस्तेदचे दोन अर्थ आहेत. एक अनोळखी माणसासाठी, मानाचा. दुसरा अगदी आतल्या माणसांसाठी: नवरा-बायको, भाऊ-बहीण, एकमेकांचे जुने मित्र. मित्राला ‘तू’ म्हणणं तिथल्या कित्येक पुरुषांना नटवं वाटतं. नव्या पिढीत तू वाढतोय, पण आतला उस्तेद मेलेला नाही. याच कोलंबियाच्या समुद्रकाठी, कार्ताखेनात जा, सगळे तू. मेदेयिन आणि कालीत बोस. एकाच पासपोर्टवर तीन व्याकरणं.

बोगोता आणि शेजारच्या बोयाका भागात आणखी एक शब्द आहे, ‘सुमेर्से’. ‘सु मेर्सेद’, म्हणजे पुन्हा ‘आपली कृपा’च. दरबारातून निघालेली ती कृपा डोंगरातल्या बाजारात पोचली आणि मायेची झाली. भाजीवाली गिऱ्हाइकाला सुमेर्से म्हणते, आजी नातवाला म्हणते.

माझं काम संपत आलं तेव्हाच्या एका बैठकीत बाईंनी पहिल्यांदाच मला विचारलं, ‘सुमेर्से या आल्मोर्सो?’ दुपारचं जेवण झालं का? माझ्या घड्याळात रात्रीचे अकरा वाजले होते. झालं म्हटलं.