दोन रिंगांत कळणारा पीएफ

आमच्या सोसायटीच्या फाटकावर रात्रपाळीला असणारे मामा सहा वर्षं एकाच ठेकेदाराकडे काम करतात. एकदा रात्री उशिरा परतलो, तर ते पगाराची चिठ्ठी टेबलावर पसरून चष्म्यातून वाचत बसले होते.

“मामा, पीएफ कापतात ना तुमचा?”

“कापतात की. हे बघा, अठराशे.”

“आणि तो जमा होतो का?”

“ते आपल्याला कसं कळायचं, साहेब? ऑफिसात विचारलं की होतो म्हणतात.”

मामांच्या खिशात बटणांचा फोन. इंटरनेट नाही, ॲप नाही, पासवर्ड लक्षात ठेवायची सवय नाही. तरीही त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच फोनवर मिळू शकत होतं, तेही फुकट. त्यासाठी कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, म्हणजे ईपीएफओच्या 9966044425 या नंबरवर एक मिस कॉल द्यायचा. दोन रिंगा वाजतात, फोन आपोआप कट होतो आणि थोड्या वेळाने एसएमएस येतो. शेवटची वर्गणी किती जमा झाली आणि खात्यात एकूण शिल्लक किती, हे त्यात लिहिलेलं असतं.

मिस कॉल आपल्याला नवा नाही. “खाली आलो की मिस कॉल देतो” किंवा “पोचलीस की एक मिस कॉल दे” हे आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो. एक पैसाही न खर्चता निरोप पोचवायची ती युक्ती होती. तिचाच पुढे धंदा झाला. बंगळुरूत २०१० साली सुरू झालेल्या झिपडायल या कंपनीने जाहिरातींसाठी मिस कॉलचे नंबर चालवले आणि २०१५ मध्ये ट्विटरने ती कंपनी विकत घेतली. बँकांनी शिल्लक कळवण्यासाठी, गॅस कंपन्यांनी सिलिंडर नोंदवण्यासाठी आणि राजकीय पक्षांनी सदस्यनोंदणीसाठी हीच वाट धरली.

यातली खुबी समजली तर पुढच्या अडचणीही समजतात. आपण नंबर लावतो तेव्हा पलीकडे घंटा वाजायच्या आधीच आपला नंबर तिथे पोचलेला असतो. बिल मात्र फोन उचलल्यावरच सुरू होतं. मिस कॉलच्या नंबरावर माणूस बसलेला नसतो. तिथलं यंत्र येणारा नंबर टिपून घेतं आणि फोन न उचलताच कट करतं. मग तो नंबर आपल्या यादीत शोधतं. यादीत सापडला, तर त्या खात्याची माहिती ठरावीक नमुन्याच्या मजकुरात भरली जाते आणि एसएमएस निघतो. इथे ना खाते क्रमांक विचारला जातो, ना नाव, ना पासवर्ड. तुमची ओळख म्हणजे तुमचा मोबाइल नंबर, बस्स. सोय त्यातच आहे आणि कच्चा दुवाही त्यातच.

मामांनी माझ्यासमोर मिस कॉल दिला. दोन रिंगा वाजून फोन कट झाला. आम्ही बराच वेळ वाट पाहिली, पण एसएमएस काही आला नाही.

असं झालं की लोक ‘ही सेवाच बंद आहे’ म्हणून सोडून देतात. खरं तर कारण बहुतेक वेळा अगदी जवळ असतं. पहिलं म्हणजे रिचार्ज. मुदत संपली असेल तर फोन बाहेर जातच नाही, मग मिस कॉल कुठून लागणार? दुसरं म्हणजे दोन सिम. नोंदलेला नंबर एका सिमचा असतो आणि फोन दुसऱ्याच सिमवरून लागतो. तिसरं कारण यूएएनचं. पीएफ खातेदाराला मिळणारा हा बारा आकडी क्रमांक कार्यान्वित झालेला असावा लागतो आणि त्याला आधार, पॅन किंवा बँक खातं यांपैकी निदान एक जोडलेलं असावं लागतं. काही मोठ्या कंपन्या कामगारांचा पीएफ स्वतःच्या ट्रस्टमध्ये ठेवतात. त्यांची शिल्लक या नंबरावर कळत नाही, ती कंपनीलाच विचारावी लागते.

मामांच्या बाबतीत यांपैकी काहीच नव्हतं. सहा वर्षांपूर्वी नोंदणीचा अर्ज सुपरवायझरने भरला होता आणि मोबाइलच्या रकान्यात स्वतःचा नंबर टाकला होता. ठेक्यावरच्या कामगारांच्या बाबतीत हे सर्रास होतं, आणि त्यामागे दरवेळी लबाडी असतेच असं नाही. वीस-पंचवीस अर्ज एका बैठकीत भरताना कारकून जो नंबर तोंडपाठ असेल तो लिहून मोकळा होतो. पण त्याचा परिणाम असा, की मामांचं यंत्राशी असलेलं सगळं नातं दुसऱ्याच्या खिशात जाऊन बसलं.

सुदैवाने मामांचा स्वतःचा नंबर आधारला जोडलेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पगाराची चिठ्ठी आणि आधार कार्ड घेऊन महा ई-सेवा केंद्रात गेलो. यूएएन चिठ्ठीवर छापलेला होता. आधारच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून पीएफच्या पोर्टलवर मामांचा नंबर नोंदवला. काही दिवसांनी त्यांनी पुन्हा मिस कॉल दिला आणि या वेळी फोन वाजला.

एसएमएस इंग्रजीत होता. मराठीत हवा असेल तर 7738299899 या नंबरवर `EPFOHO UAN MAR` असा एसएमएस पाठवावा लागतो, त्याला नेहमीच्या एसएमएसचे पैसे पडतात. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत मात्र ७०च. त्यामुळे मराठी उत्तर लांबतं आणि फार जुन्या फोनवर अक्षरांच्या जागी चौकोन दिसू शकतात. आकडे वाचता येत असतील तर इंग्रजी एसएमएसनेही काम भागतं, कारण त्यात पाहायच्या गोष्टी दोनच आहेत: शेवटच्या वर्गणीचा महिना आणि रक्कम.

रकमेने मामा गोंधळले. “माझे अठराशे, मालकाचे अठराशे, म्हणजे छत्तीसशे व्हायला पाहिजेत. इथे तर दोन हजार तीनशे पन्नास लिहिलंय.”

हा हिशेब प्रत्येक कामगाराला ठाऊक असायला हवा. मामांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये. त्याचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये त्यांच्या पगारातून कापले जातात. मालकही १२ टक्केच भरतो, पण त्याच्या १,८०० रुपयांतले ८.३३ टक्क्यांप्रमाणे १,२५० रुपये पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ५५० पीएफमध्ये. १,८०० अधिक ५५० म्हणजे २,३५०. पेन्शनचा पैसा या शिल्लकेत धरला जात नाही, म्हणून तो एसएमएसमध्ये दिसत नाही. रक्कम बरोबर होती.

बरोबर नव्हता तो महिना. आम्ही एसएमएस वाचत होतो जूनच्या शेवटी आणि शेवटची वर्गणी दिसत होती फेब्रुवारीची. मालकाने एका महिन्याच्या पगारावरचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, म्हणजे मेचा पैसा १५ जूनपर्यंत यायला हवा होता. इथे थोडं सबुरीने घ्यावं. पीएफच्या नोंदीत कधी पगाराचा महिना असतो तर कधी भरण्याचा, त्यामुळे एका महिन्याचा फरक दिसला म्हणून लगेच कुणावर आरोप करू नये. दोन महिने मागे पडले तर विचारावं. तीन महिन्यांचा खड्डा दिसला, तर पैसे पगारातून कापले गेले आणि पुढे गेले नाहीत, असं समजून हालचाल करावी. मामांच्या चिठ्ठ्यांवर मार्च, एप्रिल आणि मे या तिन्ही महिन्यांचे १,८०० रुपये कापलेले स्पष्ट दिसत होते. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ न भरणं हा फौजदारी विश्वासघात आहे.

तक्रार `epfigms.gov.in` या संकेतस्थळावर नोंदवता येते. आम्ही तिन्ही चिठ्ठ्यांचे फोटो जोडून ती नोंदवली आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनाही एक पत्र दिलं. ऑगस्टमध्ये मामांनी दिलेल्या मिस कॉलला जे उत्तर आलं, त्यात जुलैचा महिना होता आणि शिल्लक मधल्या महिन्यांच्या रकमेने वाढली होती.

या सेवेची एक दुखरी बाजू सांगायलाच हवी. ओळख फक्त मोबाइल नंबरावर असल्यामुळे ज्याच्या हातात सिम, त्याला तुमची शिल्लक कळते. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या कुणाला देते. पीएफ आणि बँकेत तोच जुना नंबर राहिला असेल, तर तुमचे एसएमएस त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जातात. म्हणून सिम सोडायच्या आधी दोन्हीकडचा नंबर बदलून घ्यावा.

फसवणुकीचंही तसंच. खऱ्या पीएफच्या एसएमएसवर पाठवणाऱ्याच्या जागी दहा आकडी मोबाइल नंबर नसतो, `EPFOHO` ही सहा अक्षरं असतात आणि त्यांच्या मागेपुढे एखाद-दुसरं अक्षर जोडलेलं असतं. व्यावसायिक एसएमएसमधल्या ज्या लिंकची आधी नोंद केलेली नाही, ती लिंक असलेला एसएमएस १ ऑक्टोबर २०२४ पासून दूरसंचार कंपन्यांनी अडवायचा असतो. पण साध्या मोबाइल नंबरावरून आलेल्या एसएमएसला ही चाळणी लागत नाही. तेव्हा “पीएफ अडकला आहे, या लिंकवर जा” असं कुणी कळवलं तर त्या लिंकला हात लावू नये. शिल्लक बघायला लिंकही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. मिस कॉलचा नंबरही इंटरनेटवर जो पहिला दिसेल तो घेऊ नये. हे नंबर मधूनच बदलतात, म्हणून तो ईपीएफओच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा.

आता मामांच्या टेबलाच्या खणात एक वही असते. दर महिन्याच्या २० तारखेनंतर ते मिस कॉल देतात आणि एसएमएसमधला महिना, वर्गणी नि शिल्लक एका ओळीत लिहून ठेवतात. फाटकावरचे बाकीचे तिघंही आता त्याच वहीत लिहितात.

तुमच्या सोसायटीतही वॉचमन असतील, सफाईला येणाऱ्या मावशी असतील आणि मध्ये एखादा ठेकेदार असेल. ठेकेदाराने पीएफ भरला नाही, तर ती जबाबदारी काम करून घेणाऱ्यावर, म्हणजे सोसायटीवरही येऊ शकते. म्हणून त्याचं बिल मंजूर करण्याआधी पीएफचं चलन आणि त्यासोबतची कामगारांच्या नावांची यादी मागून घ्या. आणि आज फाटकातून आत जाताना एकदा विचारा, “मामा, पीएफमध्ये नंबर कुणाचा लागलाय?”