निमंत्रण गल्लीचं, वेळ उन्हाची

नगरच्या हौशी छायाचित्रकारांनी तेलीखुंट, आडते बाजार, बागडपट्टी या भागांतल्या जुन्या गल्ल्यांचं मोफत प्रदर्शन भरवायचं ठरवलं, तर पत्रिकेवर कोणती तारीख घालावी? पहिल्यांदा २८ मे सुचते, शहराचा स्थापना दिन. पण तेव्हा निम्मं शहर गावाला गेलेलं असतं. १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन असतो, कारण १८३९ साली त्याच दिवशी पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जगाला खुली झाली. आपल्याकडे मात्र ते दिवस पावसाचे. माझं मत १९ ते २५ नोव्हेंबरला, म्हणजे जागतिक वारसा सप्ताहाला. आणि त्याचं कारण सप्ताहापेक्षा ऊन आहे.

दहा फूट रुंद, पूर्व-पश्चिम बोळ घ्या. दोन्ही बाजूंना वीस फुटांच्या भिंती. नोव्हेंबरच्या या आठवड्यात नगरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ५१ अंशांवरच असतो. त्यामुळे दक्षिणेकडच्या भिंतीची सावली सगळा बोळ ओलांडून समोरच्या भिंतीवर साडेसात फुटांपर्यंत चढते. सज्जा उन्हात, दार सावलीत. दाराच्या हिशेबानं प्रकाश घेतला की सज्जा पांढराफटक पडतो, सज्ज्याच्या हिशेबानं घेतला की दार काळंठिक्कर. एवढ्याच मापाच्या उत्तर-दक्षिण बोळात तळापर्यंत ऊन येतं, पण साधारण पावणेअकरा ते पावणेदोन एवढाच वेळ. मे महिन्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्यानं पूर्व-पश्चिम बोळातला हा खेळ दुपारी दिसत नाही.

म्हणून फोटो आदल्या वर्षीच्या याच आठवड्यात काढलेले असावेत आणि प्रत्येकाखाली गल्लीचं नाव, तोंड कोणत्या दिशेला, तारीख आणि घड्याळातली वेळ लिहावी. मग पत्रिकेतली वेळ आपोआप ठरते: सकाळी १० ते दुपारी २, आणि बाजारातल्या नोकरदारांसाठी संध्याकाळी ५ ते ८. प्रेक्षक फोटोखालची वेळ पाहून बाहेर पडेल आणि त्याच उन्हात तीच भिंत बघेल, अर्थात ती उभी असली तर. सभागृह त्यासाठी सावेडीत नको, जुन्या गावातच, एखाद्या शाळेत घ्या.

लंडनमध्ये १८७५ साली ऑक्सफर्ड आर्म्स ही जुनी सराई पडणार म्हणून काही मंडळी एकत्र आली आणि १८८६ पर्यंत जुन्या लंडनची १२० चित्रं त्यांनी प्रसिद्ध केली. सराई गेली, चित्रं उरली. पण जागेची माहिती लिहून ठेवायला चित्राइतकाच माणूस लागतो, आणि आपल्याकडे ती माणसं अजून त्याच गल्लीत राहतात. फोटोशेजारी वही टांगा, पेन्सिल दोरीनं बांधा. कुणी लिहील की हा वाडा आमच्या आत्याचा, कुणी म्हणेल तुम्ही गल्लीचं नावच चुकवलंय. दुसरा शेरा आधी वाचा आणि त्याच संध्याकाळी चिठ्ठी बदला.