थंड पाइप आणि आषाढातली हवा

जुलै सुरू झाला की मुंबईतल्या कित्येक रुग्णालयांत, हॉटेलांत आणि कार्यालयांत फॉल्स सीलिंगवर पिवळट डाग उमटू लागतात. प्लंबर येतो, सीलिंगची फरशी बाजूला करतो, पाइप तपासतो आणि गळती कुठेच नसल्याचं सांगून जातो. चार दिवसांनी डाग मोठा होतो, कडेला काळी बुरशी धरते. पाणी तर पडतंच आहे, मग ते येतं कुठून? ते पाइपच्या आतून आलेलंच नसतं. बाहेरच्या हवेतली वाफ थंड पाइपवर पाणी होऊन बसते आणि टपकते. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम सुटतो, तोच प्रकार इथे दिवसरात्र चालू असतो.

मोठ्या इमारतींत प्रत्येक खोलीसाठी वेगळा एसी नसतो. तळघरात किंवा गच्चीवर चिलर नावाचं यंत्र पाणी सुमारे ७ अंश सेल्सिअसपर्यंत गार करतं. हे पाणी पाइपांतून मजल्यामजल्यावर फिरतं, खोल्यांतली उष्णता घेतं आणि १२-१३ अंशांचं होऊन परत येतं. या पाइपांवर काळ्या रबराचं जाड आवरण दिसतं, ते इन्सुलेशन. आपल्याकडे त्यासाठी बहुतेक ठिकाणी नायट्रिल रबर वापरतात. ते किती जाड हवं, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण डाग पडणार की नाही हे तिथेच ठरतं.

या आवरणाला दोन कामं करायची असतात. बाहेरची उष्णता आत शिरू द्यायची नाही आणि बाहेरच्या पृष्ठभागावर पाणी जमू द्यायचं नाही. दोन्ही कामांना लागणारी जाडी एकच नसते. मुंबईच्या पावसाळ्यात दुसरं काम पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. हे आकड्यांनी पाहू.

समजा, एका रुग्णालयाच्या शाफ्टमधून ४ इंची पाइप वर गेला आहे. त्याचा बाहेरचा व्यास ११४ मिलिमीटर आणि आत ७ अंशांचं पाणी. शाफ्टमध्ये एसी नाही, त्यामुळे तिथली हवा बाहेरच्यासारखीच, ३० अंशांची आणि ८५ टक्के आर्द्रतेची. अशा हवेचा दवबिंदू २७.२ अंश असतो. म्हणजे कोणतीही वस्तू २७.२ अंशांपेक्षा गार झाली की तिच्यावर पाणी धरू लागतं. पाइपच्या आवरणाचा बाहेरचा पृष्ठभाग या रेषेच्या वर ठेवायचा, एवढीच अट आहे.

हवा आणि पाणी यांच्या तापमानात २३ अंशांचा फरक आहे. हा फरक दोन ठिकाणी विभागला जातो. मोठा वाटा रबराच्या जाडीत पडतो, आणि उरलेला पृष्ठभागाला चिकटून असलेल्या हवेच्या पातळ थरात. हवेच्या थराच्या वाट्याला २.८ अंशांपेक्षा जास्त येता कामा नयेत, कारण ३० मधून २७.२ गेले की तेवढेच उरतात. बाकीचे वीस अंश रबरानेच पेलायला हवेत. रबराची उष्णतावाहकता आणि पृष्ठभागाला हवेतून मिळणारी ऊब यांचे नेहमीचे आकडे घालून गणित केलं, तर या पाइपसाठी जेमतेम २५ मिलिमीटर जाडी पुरते.

आता तापमान तेच ठेवून आर्द्रता फक्त ९० टक्के करू. दवबिंदू २८.२ वर जातो आणि हातातली सूट २.८ वरून १.८ अंशांवर येते. लागणारी जाडी होते ३७ मिलिमीटर. आर्द्रता ९५ टक्के झाली की सूट एका अंशाहूनही कमी उरते आणि जाडी ७१ मिलिमीटरवर पोचते. आर्द्रता पाच-पाच टक्क्यांनी वाढते आहे, जाडी मात्र दर टप्प्याला आधीपेक्षा मोठी उडी घेते. शंभर टक्के आर्द्रतेत तर कोणतीही जाडी पुरणार नाही. म्हणून जाडी ठरवताना सर्वांत मोठा निर्णय रबराचा नसतो, कोणती आर्द्रता धरायची याचा असतो. मुंबईच्या जुलै-ऑगस्टमध्ये बंद शाफ्टात आणि तळघरात ८५ ते ९० टक्के ही रोजची गोष्ट आहे. तिथे वर्षाची सरासरी आर्द्रता धरून गणित करणं म्हणजे पावसाळाभर पाणी टपकण्याला मान्यता देणं.

उष्णतेच्या बाजूने याच पाइपचा हिशेब वेगळा दिसतो. पाइप उघडा ठेवला, तर दर मीटरला सुमारे ८० वॅट उष्णता आत शिरते, आणि वर घाम धरण्यातून येणारी उष्णता वेगळी. असा पाइप दोनशे मीटर असेल, तर १६ किलोवॅट, म्हणजे साडेचार टनांच्या एसीची गारवाशक्ती वाटेतच संपते. त्यावर २५ मिलिमीटरचं आवरण चढवलं की दर मीटरचं नुकसान साडेबारा वॅटवर येतं. ५० मिलिमीटर केलं तर जेमतेम आठ वॅट, आणि ७५ मिलिमीटरला सहा. पहिल्या इंचाने बहुतेक काम उरकलं, पुढच्या प्रत्येक इंचाची कमाई घटत गेली. दोनशे मीटरवर २५ ऐवजी ५० मिलिमीटर घातल्याने, वर्षभर अशीच हवा धरली तरी, चिलरची साधारण १,७०० युनिट वीज वाचते. रुग्णालयाच्या वीजबिलात हा आकडा फारसा जाणवत नाही.

म्हणूनच नुसतं वीजबचतीचं कोष्टक पाहून जाडी निवडली की फसगत होते. अमेरिकेतल्या ‘ॲश्रे’ या संस्थेचं ९०.१ हे मानक जगभर वापरलं जातं. त्याच्या कोष्टकात अशा थंड पाण्याच्या, दीड इंच आणि त्याहून मोठ्या पाइपांना एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर जाडी दिलेली आहे. पण त्याच कोष्टकाखाली टीप आहे की हे आकडे केवळ ऊर्जाबचतीचे आहेत आणि पृष्ठभागावर पाणी जमू नये म्हणून अधिक जाडी लागू शकते. कोष्टकातला आकडा निविदेत उतरतो आणि टीप मागे राहते. आपल्या शाफ्टात ९० टक्के आर्द्रतेला २५ मिलिमीटरच्या आवरणाचा पृष्ठभाग २७.३ अंशांवर असतो, दवबिंदूपेक्षा जवळपास एक अंश खाली. पाणी धरणार, यात शंका नाही. ५० मिलिमीटरला तो २८.७ अंशांवर जातो, म्हणजे अर्ध्या अंशाची सुरक्षित सूट मिळते. मी या पाइपला ५० मिलिमीटरच देईन, आणि तेही २५-२५ च्या दोन थरांत, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर न येतील असे.

जागा बदलली की उत्तरही बदलतं. हाच पाइप एसी चालू असलेल्या कॉरिडॉरच्या छतात शिरला, तर तिथल्या २४ अंश आणि ५५ टक्क्यांच्या हवेचा दवबिंदू साडेचौदाच्या आत असतो. पाणी टाळायला तिथे काही मिलिमीटर रबरही पुरतं, आणि जाडी ठरवायची ती वीज वाचवण्यासाठी. मात्र सुट्टीच्या दिवशी एसी बंद करून पाइपांत गार पाणी फिरतं ठेवलं, तर छतातली हवा हळूहळू बाहेरच्यासारखी होते आणि सोमवारी सकाळी डाग दिसतात. नागपूरच्या मे महिन्यात ४२ अंशांच्या कोरड्या हवेला, आर्द्रता १५ टक्के असताना, दवबिंदू अवघा दहा अंश असतो. तिथे घामाची भीती फारशी नाही, पण २५ मिलिमीटरच्या आवरणातून दर मीटरला १९ वॅट उष्णता आत येते.

आणखी एक गोष्ट अनुभवी माणसालाही चकवते. तळघरात आणि गच्चीवर आवरणाला मार लागू नये म्हणून त्यावर ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा चढवतात. काळं रबर आसपासच्या भिंतींकडून किरणांच्या रूपाने ऊब घेतं, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग थोडा गरम राहतो. चकचकीत पत्रा ही ऊब परतवतो आणि स्वतः गार राहतो. परिणामी ९० टक्के आर्द्रतेला जिथे काळ्या रबराला ३७ मिलिमीटर पुरत होते, तिथे पत्र्याखाली ५६ मिलिमीटर लागतात. पत्रा चढवल्यावर घाम सुटला, तर दोष बहुधा पत्र्याच्या कामाचा नसून न बदललेल्या जाडीचा असतो. पाइप एकमेकांना खेटून बसवले की मधली हवा हलत नाही, तेव्हाही असंच होतं.

जाडी बरोबर असूनही पाणी पडतं, तेव्हा सांधे आणि आधार पाहावेत. हवेतली वाफ गार पाइपकडे ओढ घेतच असते. रबराच्या फटीत बोटभर जागा सुटली, तरी ती आत शिरून पाइपवर पाणी होते. पाण्यातून उष्णता रबराच्या सुमारे सोळा पट सहज वाहते, म्हणून ओल धरलेलं आवरण असून नसल्यासारखं होतं आणि आत पाइप गंजू लागतो. क्लॅम्पखाली रबर चेपून दहा मिलिमीटरचं झालं असेल, तर तिथली जाडी दहाच धरायची. यासाठी क्लॅम्पच्या जागी पाइपभोवती घट्ट फोमचा किंवा लाकडाचा ठोकळा बसवतात आणि रबर त्याला दोन्ही बाजूंनी चिकटवतात. व्हॉल्व्ह आणि स्ट्रेनर उघडे सोडले की पाइपवरचं सगळं काम वाया जातं. चालू, गार पाइपवर नवं रबर चिकटवणंही चूकच, कारण पाइपवरची ओल आतच कोंडली जाते.

नेमका दोष कोणता, हे पाण्याच्या खुणा सांगतात. लांबच लांब पाइपवर सगळीकडे सारखे थेंब धरले असतील, तर जाडी कमी आहे. एकाच सांध्यापाशी किंवा क्लॅम्पपाशी पाणी दिसत असेल, तर तिथलं काम कच्चं आहे. साधा आर्द्रतामापक आणि इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन हे पडताळता येतं. हवेचं तापमान आणि आर्द्रता यांवरून दवबिंदू काढावा आणि पृष्ठभागाचं तापमान त्याच्याशी ताडून पाहावं. चकचकीत पत्र्यावर हा थर्मामीटर चुकीचा आकडा दाखवतो. तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवून, थोडं थांबून, त्या टेपवर मोजावं.

तुमच्या रुग्णालयात, शाळेत किंवा कार्यालयात अशी यंत्रणा बसणार असेल, तर कंत्राटदाराकडून नकाशावर तीन गोष्टी लिहून घ्या : जाडी कोणत्या तापमानाला आणि आर्द्रतेला काढली, बाहेरचा पृष्ठभाग काळा की चकचकीत, आणि क्लॅम्पखाली काय बसवणार. या तीन नोंदी नसतील, तर निविदेत लिहिलेले ५० मिलिमीटरही निव्वळ अंदाजच ठरतात.